चहाच्या टपरीचा ब्रेकइव्हन तक्ता: तक्त्यात १३ हजार नफा, हातात हजार-दीड हजार. पैसे कुठे जातात?

फिटर_अंबड

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत माझी चहाची छोटी टपरी आहे, सात महिने झाले. मी एका कंपनीत फिटर, दुसरी पाळी. पहाटे पाच ते दुपारी एक मी टपरीवर असतो, पुढे संध्याकाळी सातपर्यंत गावाकडचा एक बावीस वर्षांचा पोरगा सांभाळतो. सकाळच्या गर्दीतही तो हाताखाली असतोच. फक्त चहा विकतो. शेजारी वडापावची गाडी आहे, त्याच्याशी ठरलंय की तो चहा ठेवणार नाही आणि मी खायचं ठेवणार नाही.

टपरी टाकायच्या आधी तक्ता केला होता. एक लिटर दुधाचं पातेलं असं धरलं: दूध ६० रुपये, ३५ ग्रॅम पावडर १४ रुपये, १२० ग्रॅम साखर ५.४०, आलं-वेलची ४.६०, गॅस ६. झाले ९० रुपये. एक लिटर दूध आणि अर्धा लिटर पाणी म्हणजे दीड लिटर चहा, ७५ मिलीचा कप धरला तर २० कप. कागदी कप ५० पैशाला पडतो, त्याचे १०. शंभर रुपयांत २० कप, म्हणजे कपाला ५ रुपये खर्च. विकतो १० ला.

महिन्याचा बांधील खर्च: जागाभाडं ६,०००, पोराचा पगार ९,०००, वीज-पाणी १,२००, साफसफाई-गाळणी-फडकी ८००, गाडी-शेगडी-थर्मास घ्यायला गेलेल्या पैशांचा हप्ता १,०००. एकूण १८,०००. महिन्याचे दिवस २६.

| रोजचे कप | महिन्याचे कप | विक्री (रु.) | एकूण खर्च (रु.) | नफा (रु.) |
|---|---|---|---|---|
| १०० | २,६०० | २६,००० | ३१,००० | −५,००० |
| १४० | ३,६४० | ३६,४०० | ३६,२०० | २०० |
| १८० | ४,६८० | ४६,८०० | ४१,४०० | ५,४०० |
| २४० | ६,२४० | ६२,४०० | ४९,२०० | १३,२०० |
| ३०० | ७,८०० | ७८,००० | ५७,००० | २१,००० |

माझा रोजचा खप २४०. म्हणजे महिन्याला तेरा हजार सुटायला पाहिजेत. सुटतात हजार, फार तर दीड हजार. विक्री पन्नास-एक्कावन्न हजारांच्या वर जातच नाही, तक्त्यात ती बासष्ट हजार आहे.

आता खरं विचारतो. क्यूआर माझ्या खात्याचा आहे, पण रोख गल्ल्यात पडते आणि दुपारनंतर मी तिथे नसतो. पोरगा काढत असेल का? दोष द्यायची इच्छा नाही, ओळखीतला आहे. पण महिन्याला अकरा-बारा हजार हवेत तर विरत नाहीत ना.

---

नवा_गडी

भाऊ मस्त माहिती. मी पण चहाच्या धंद्यात यायचा विचार करतोय, फ्रँचायझी घ्यावी की स्वतःचा ब्रँड? डिपॉझिट किती लागतं? व्हिडिओत बघितलं, लोक महिन्याला लाख-लाख काढतात.

---

कडक_स्पेशल

नवा गडी, धागा वाचला तरी का? तो हातात दीड हजार उरतात म्हणून रडतोय आणि तू लाख विचारतोस.

फिटर भाऊ, माझी सोलापुरात एकोणीस वर्षं टपरी आहे. पोरं गल्ल्यातून घेतात, नाही असं नाही. पण घेणारा पोरगा दिवसाला वीस-तीस घेतो, एका सिगारेटचे, एका रिचार्जचे. दिवसाला साडेचारशे कुणी घेत नाही, दुसऱ्याच दिवशी गल्ला बोंबलतो. आधी दूध तपासा. पिशवीत लिटर असतं की नऊशे मिली?

---

लेखाजोखा

पोरावर जाण्याआधी एक प्रश्न. रोज २४० कप विकले जातात हे तुम्हाला कशावरून कळलं? मोजले का?

---

फिटर_अंबड

रोज १२ लिटर दूध उकळतो. बारा गुणिले वीस, २४०. दूध उरत नाही, संध्याकाळी पातेलं रिकामं असतं.

@कडक_स्पेशल, पिशवी बंद कंपनीची आहे, सुटं दूध नाही. मापात बरोबर आहे.

---

लेखाजोखा

मग तुम्ही कप विकल्याचा तक्ता केलेला नाही, दूध उकळल्याचा केला आहे. मी बावीस वर्षं एका दूध संघाच्या हिशेब खात्यात होतो. तिथे दर महिन्याला हेच भांडण: आत गेलेलं दूध इतकं, बाहेर आलेलं श्रीखंड इतकं, मधलं कुणी खाल्लं? दहातल्या नऊ वेळा कुणीच खाल्लेलं नसायचं.

तुमच्या दीड लिटरपासून सुरुवात करा. एक लिटर दूध, अर्धा लिटर पाणी. साखर विरघळली की थोडं आकारमान वाढतं, १२० ग्रॅमला साधारण ७५ मिली. पण उकळताना वाफ जाते आणि ती बरीच जाते, कारण टपरीवर चहा एक उकळी देऊन उतरवत नाहीत, खदखदवतात. शिवाय पावडर पाणी पिते. गाळणीत उरलेला चोथा पिळून बघा, कोरडी ३५ ग्रॅम पावडर ओली होऊन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरेल. तो सगळा तुमचा चहा आहे, कचऱ्याच्या डब्यात गेलेला.

तेव्हा आधी हे करा. गाळलेला चहा मापाच्या भांड्यात ओतून किती भरतो ते तीन-चार वेळा लिहा. सकाळचं पातेलं, दुपारचं पातेलं, वेगवेगळं. आणि एक आठवडा तीन आकडे रोज वहीत: किती लिटर दूध, किती कागदी कप संपले, किती पैसे आले. कप गल्ल्यावरून मोजू नका, पाकिटांवरून मोजा. सकाळी शिल्लक, संध्याकाळी शिल्लक. कागदी कपाची वाफ होत नाही, म्हणून दुधापेक्षा तो बरा साक्षीदार.

---

बिनसाखरेचा

मुळात तक्त्यातच घोळ आहे. १८,००० रुपये कपांवर वाटलेच नाहीत. १८,००० भागिले ६,२४० म्हणजे २.८८. त्यात ५ मिळवा, एका कपाचा खरा खर्च ७.८८. दहाला विकला तर सुटतात २.१२. कुठे ठोक भावात देत असाल तर ते आधी बंद करा, ८ रुपयांना दिलेला कप तुम्हाला फक्त १२ पैसे देतो.

---

फिटर_अंबड

@बिनसाखरेचा बरं झालं आठवण केली. दोन कंपन्यांना रोज एकेक थर्मास जातो. वीस कपांचा थर्मास १६० ला, म्हणजे ८ रुपयेच. तक्त्यात ते मी १० च धरले, चूक माझी. बंद करू का?

---

लेखाजोखा

बंद करू नका, निदान या कारणासाठी तरी नको. २.८८ चा आकडा फसवा आहे. थर्मास बंद केला तर जागामालक भाडं कमी घेणार का? पोरगा पगार कमी घेणार का? १८,००० तसेच राहतील आणि उरलेल्या कपांवर जास्त पडतील. थर्मासकडे बघताना एवढंच विचारा की तो भरायला जादा खर्च किती आणि त्याचे पैसे किती. मधलं जे उरतं ते भाड्याच्या कामी येतं.

पण बिनसाखरेचा यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. थर्मास तुम्हाला वाटतो तेवढं देत नसणार. त्याच्या आत काय मावतं ते पाण्याने मोजून बघा.

---

बिनसाखरेचा

सर, मी एमबीए आहे. पूर्ण खर्च धरल्याशिवाय भाव ठरवत नाहीत.

---

लेखाजोखा

भाव ठरवताना धरावा, माझं काही म्हणणं नाही. पण आहे ती ऑर्डर सोडायची की ठेवायची हे ठरवताना त्याने दिशाभूल होते. शिवाय तुमचे २.८८ हे २४० कप विकतात असं मानून आलेत, आणि तोच आकडा अजून सिद्ध व्हायचाय.

एक मात्र आहे. थर्मास पोचवायला पोरगा वीस मिनिटं जात असेल आणि नेमकी तीच वेळ दहाच्या ब्रेकची असेल, तर गल्ल्यावरून परत गेलेल्या गिऱ्हाइकांचा खर्च थर्मासवर धरायला हवा.

---

माईंची_लेक

मी जरा वेगळं विचारते. माझी आई चिपळूणला एसटी स्टँडसमोर पंधरा वर्षं चहा विकायची. तिच्या हिशेबात दूध असायचं, साखर असायची, रॉकेलसुद्धा असायचं. ती स्वतः कधी नसायची. दादा, तुमच्या १८,००० मध्ये पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत उभं राहणाऱ्या माणसाचा पगार कुठे आहे? पोराला ९,००० देता, तुम्ही आठ तास फुकट. मग ब्रेकइव्हन १४० कपांना झालं असं म्हणायचं कसं?

आणि उरलेला चहा. आई शेवटच्या पातेल्यातला तळाचा चहा कधीच विकायची नाही, कडवट लागतो म्हणून. आम्ही भावंडं प्यायचो. तो पण कुणाच्या हिशेबात नव्हता.

---

फिटर_अंबड

ताई, घरच्या माणसाचा पगार काय धरायचा? कंपनीचा पगार येतोच ना मला.

---

माईंची_लेक

तेच आमचे बाबा म्हणायचे.

---

कडक_स्पेशल

ताईंचं चुकीचं नाही. पण तो पगार तक्त्यात टाकला तर नाशिकातल्या निम्म्या टपऱ्या आजच बंद कराव्या लागतील. मी तरी धरत नाही. जे उरतं तोच आपला पगार.

एक सांगायचं राहिलं. कागदी कप मोजताना जपून. आमच्याकडे गिऱ्हाईक ‘वन बाय टू’ मागतं, एक चहा आणि एक रिकामा कप. पातळ कप असला की हात भाजतो म्हणून एकात एक दोन घालून घेतात. दोन कप गेले, पैसे एकाचे. आणि कुणी स्टीलच्या पेल्यात पीत असेल तर पैसे आहेत पण कप नाही.

---

लेखाजोखा

अगदी बरोबर. डबल कप आणि वन बाय टूसाठी पाटीवर खडूने रेघ मारत जा.

---

फिटर_अंबड (आठ दिवसांनी)

मंडळी, मोजलं. सहा दिवसांचं सगळं वहीत आहे, वडापाववाला हसत होता.

आधी पातेलं. गाळलेला चहा मापात ओतला. सकाळी १.४ लिटर भरला, दुपारी पोरगा जास्त खदखदवतो तेव्हा १.३. पाच वेळा मोजला, सरासरी १.३५. दीड लिटर एकदाही भरला नाही. म्हणजे लिटरमागे २० नाही, १८ कप.

मग थर्मास. ‘वीस कपांचा’ म्हणून घेतलेला. गळ्यापर्यंत पाणी भरून मोजलं तर १.६ लिटर. वीस कप म्हणजे दीड लिटर. आणि आम्ही गळ्यापर्यंतच भरतो, कमी दिसला की तिथला शिपाई फोन करतो. वर त्यांना प्रत्येक थर्मासबरोबर २५ कप देतो. वीसच द्यायला हवेत, पण पहिल्या दिवसापासून पंचवीस जातात, का ते आता आठवतही नाही.

सहा दिवसांचे आकडे: दूध ७२ लिटर. कागदी कप १,३४०, त्यातले थर्मासबरोबर ३००, टपरीवर १,०४०. थर्मासचे १,९२० रुपये. टपरीवर रोख, क्यूआर आणि वहीतली उधारी मिळून ९,६९०. एकूण ११,६१०.

पाटीवर रेघा मारल्या त्या पैसे न आलेल्या कपांच्या. मी दिवसाला दोन पितो, पोरगा तीन, समोरचा वॉचमन एक, आणि पातेल्याच्या तळाचे चारेक कप ओतले जातात. सहा दिवसांत ६० कप. डबल कपाच्या रेघा मारायला मात्र गर्दीत जमलं नाही.

जुन्या तक्त्याप्रमाणे सहा दिवसांत १४,४०० यायला हवे होते. फरक २,७९० चा. लेखाजोखा साहेब, आता तुम्हीच सांगा.

---

लेखाजोखा

छान काम केलंत. एकेक काढू.

तुम्ही दीड लिटर धरलात आणि निघतो १.३५. दर पातेल्यामागे १५० मिली. ७२ पातेल्यांचे १०.८ लिटर, ७५ च्या मापाने १४४ कप. १,४४० रुपये इथेच गेले. निम्म्याहून जास्त फरक वाफेत आणि चोथ्यात.

थर्मासमध्ये दर वेळी १०० मिली जादा. बारा थर्मासचे १.२ लिटर, १६ कप, १६० रुपये. थर्मासचा भाव ८ असून तुम्ही १० धरला, त्याचे ४८०. फुकटचे आणि ओतलेले ६० कप, ६०० रुपये.

१,४४० + १६० + ४८० + ६०० = २,६८०. राहिले ११० रुपये. सहा दिवसांत अकरा कप. हे वन बाय टू असेल, हात थोडा जड पडला असेल, मापातली चूक असेल. १.३५ हीच पाच मापांची सरासरी आहे, त्यात एवढा फरक सहज बसतो. यावरून मी कुणाला चोर म्हणणार नाही, आणि शंभर टक्के स्वच्छ आहे असंही या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पण महिन्याचे अकरा-बारा हजार त्याने घेतलेले नाहीत, हे नक्की.

---

कडक_स्पेशल

अकरा कप म्हणजे रोजचे दोन. एवढं तर मीच माझ्या गल्ल्यातून चुकतो.

---

फिटर_अंबड

साहेब, खरं सांगू का, तुमचं वाचून एकदम हलकं वाटलं आणि लाजही वाटली. चौथ्या दिवशी पोराने विचारलं, ‘भाऊ, कप कशाला मोजताय?’ मी म्हटलं, दुकानदार कमी भरून देतो असं वाटतंय. पाकिटात पन्नास असतात का बघतोय.

नवा तक्ता कसा करायचा?

---

लेखाजोखा

थर्मास आणि टपरी वेगळे करू. एकत्र ठेवले की काहीच कळत नाही.

एका थर्मासात १.६ लिटर, म्हणजे जवळजवळ १.२ पातेली. त्याचे १०७ रुपये, २५ कपांचे साडेबारा. ११९ रुपयांना पडतो, १६० ला जातो. ४१ सुटतात. तुम्हाला ६० वाटत होते. दोन थर्मासचे महिन्याला २,१०० च्या वर होतात, जागाभाड्याचा तिसरा हिस्सा तिथून निघतो. म्हणून म्हटलं बंद करू नका.

आता टपरी. सहा दिवसांचा एकूण माल ७,१५० चा (दूध-पावडर-गॅस वगैरे ६,४८०, कप ६७०). त्यातले १,४३० थर्मासचे. उरले ५,७२०. त्यावर पैसे किती कपांचे आले? ९६९. म्हणजे पैसे आलेल्या एका कपाला ५.९० खर्च, ५ नाही. सुटतात ४.१०. तक्त्यातला कप हाच धरा, उकळलेला नाही आणि ओतलेलाही नाही. ओतलेल्या आणि फुकट गेलेल्या कपांचा खर्च या ५.९० मध्ये आलेला आहे, तो परत वेगळा धरू नका.

| टपरीवरचे रोजचे कप | महिन्याचे कप | विक्री, थर्माससह (रु.) | एकूण खर्च (रु.) | नफा (रु.) |
|---|---|---|---|---|
| १२० | ३,१२० | ३९,५२० | ४२,६०८ | −३,०८८ |
| १५० | ३,९०० | ४७,३२० | ४७,२१० | ११० |
| १६२ | ४,२१२ | ५०,४४० | ४९,०५१ | १,३८९ |
| २०० | ५,२०० | ६०,३२० | ५४,८८० | ५,४४० |

तुम्ही १६२ वर आहात. ब्रेकइव्हन १५० ला. बारा कपांवर सगळा धंदा उभा आहे. एका दिवसाचा पाऊस, एका कंपनीची सुट्टी, आणि महिना संपला. हातात हजार-दीड हजार उरतात हे तुमचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, तक्ता चुकीचा होता.

मोबाइलवर शीट करत असाल तर महिन्याचे कप `B2` मध्ये लिहा आणि एकूण खर्चाच्या रकान्यात एवढंच:

```
=18000+6200+B2*5.9
```

६,२०० हा दोन थर्मासचा महिन्याचा माल. दूध किंवा सिलिंडरचा भाव हलला की ५.९ आणि ६,२०० दोन्ही बदलायचे.

आणि जुन्या तक्त्यातली ३०० कपांची ओळ खोडून टाका. एका शेगडीवर, दोन हातांनी, दहाच्या ब्रेकला पंधरा मिनिटांत किती ओतता येतात ते तुम्हाला माहीत आहे. तिथे दुसरी शेगडी आणि दुसरा माणूस लागेल. १८,००० मग १८,००० राहणार नाहीत, २७,००० होतील आणि ब्रेकइव्हन परत वर उडी मारेल. हा खर्च पायरीसारखा चढतो, तुमच्या तक्त्यात तो सपाट होता.

---

बिनसाखरेचा

ठीक, थर्मासचं पटलं. मग उपाय सोपा आहे. गॅसचा खर्च निम्मा करा, घरगुती सिलिंडर वापरा. सगळे वापरतात.

---

कडक_स्पेशल

एमबीए साहेब, घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. पथक आलं की सिलिंडर, शेगडी सगळं उचलून नेतात. कपाला तीस पैशाचा गॅस लागतो, त्यातले पंधरा वाचवायला टपरी घालवू नका.

फिटर भाऊ, माझं ऐका. १२ रुपये करा.

---

लेखाजोखा

भाव १२ केला तर कपामागे ४.१० ऐवजी ६.१० सुटतील. ब्रेकइव्हन रोज १०० कपांवर येतं. आज जेवढे सुटतात तेवढेच सुटायला १०९ कप पुरतील. म्हणजे तिसरा हिस्सा गिऱ्हाईक गेलं तरी तुम्ही आज आहात तिथेच. पण गिऱ्हाईक किती जाईल हे तक्ता सांगत नाही.

---

माईंची_लेक

सुट्टे दोन रुपये कुठून आणणार? आई सात रुपये करायला घाबरायची ती याच कारणाने, पाचच ठेवायची. मग कप छोटा केला. लोकांना कळलं बरं का, पण कुणी बोललं नाही.

---

कडक_स्पेशल

आता निम्मे लोक क्यूआरवर देतात ताई, सुट्ट्यांचा प्रश्न पहिल्यासारखा नाही. कप छोटा केला की मात्र चव घेण्याआधीच नाव जातं.

---

नवा_गडी

म्हणजे फ्रँचायझी नको का?

---

फिटर_अंबड (आणखी दहा दिवसांनी)

थर्मासच्या आत दीड लिटरवर खूण केली, कप वीसच देतो. दुसऱ्याच दिवशी शिपायाचा फोन, ‘आज चहा कमी आला.’ पोराने सांगितलं, वीस कप भरतात, मोजून घ्या. परत फोन नाही.

सोमवारपासून १२ ची पाटी लावली. वडापाववाला वैतागलाय, त्याचं म्हणणं आता लोक त्याच्याकडेच सुट्टे मागतात. समोरच्या गल्लीत १० ला मिळतो तिकडे काही जण गेले, रोज दिसणारे दोन-तीन चेहरे दिसले नाहीत. चार दिवसांची सरासरी १४८ कप. लेखाजोखा साहेबांच्या हिशेबाने महिन्याला साडेसात हजार सुटतात. बरोबर ना?

---

लेखाजोखा

थर्मासची खूण धरून काही रुपये आणखी वाढतील, ते सोडून देऊ. या चार दिवसांत दूध किती उकळलं?

---

फिटर_अंबड

बाराच लिटर. सवय.

---

लेखाजोखा

मग साडेसात नाही. १४८ कप गुणिले १२, अधिक थर्मास, दिवसाचे २,०९६. माल बारा लिटरचाच, १,१८५ च्या आसपास. रोज ९११ सुटतात, महिन्याचे २३,६८६, वजा १८,०००. ५,७०० म्हणा. मधले अठराशे-एकोणीसशे रुपये मोरीत गेले. ५.९० हा आकडा १६२ कप विकले जात असताना निघाला होता. खप कमी झाला आणि दूध तेवढंच राहिलं की तो वर चढतो. संध्याकाळी पातेल्यात किती उरत होतं?

---

फिटर_अंबड

पोरगा म्हणाला होता, जास्त ओतावा लागतोय. मी लक्ष दिलं नाही. रोज तेरा-चौदा कप असतील.

उद्यापासून अकरा लिटर घेतो.

---

कडक_स्पेशल

एका लिटरचे अठरा कप ना? मग अकरात चार-पाच गिऱ्हाईकं रिकामी जातील. संध्याकाळी सातच्या सुमाराला जाणारी, पाळी सुटल्यावर येतात ती. ती एकदा समोरच्या गल्लीत गेली की परत येत नाहीत. अर्ध्या लिटरची पिशवी मिळते की. साडेअकरा घ्या.

---

फिटर_अंबड

अर्ध्या लिटरची पिशवी दोन रुपयांनी महाग पडते. बघतो. शेवटचं पातेलं अर्ध्याचंच लावायला पोराला सांगतो, पाच वाजता गर्दी बघून त्याने ठरवावं.

---

माईंची_लेक

आणि तुमचा पगार, दादा?